गोळी अंगातून जायची, पण लागायची नाही

आमचा छोटा ऑनलाइन शूटर आम्ही नांदेडात बसून बनवतो. सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलेला आहे आणि चाचणीला लातूर, परभणी, हिंगोलीचे मित्र खेळतात. कुणाकडे ब्रॉडबँड आहे, कुणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तक्रार मात्र सगळ्यांची एकच होती: समोरून आडव्या पळणाऱ्यावर मधोमध नेम धरला तरी गोळी लागत नाही. हिंगोलीचा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, गोळी छातीतून आरपार गेली, अन् त्याला काहीच झालं नाही. कामून?"

आपल्या स्क्रीनवर दिसणारा शत्रू नेहमी थोडा जुना असतो. आमचा सर्व्हर दर 50 मिलिसेकंदांनी सगळ्यांच्या जागांचा स्नॅपशॉट पाठवतो. ते स्नॅपशॉट आल्या आल्या दाखवले तर माणसं झटके खात सरकताना दिसतात. म्हणून क्लायंट, म्हणजे खेळाडूकडे चालणारा गेम, मुद्दाम 100 मिलिसेकंद मागे राहतो आणि दोन स्नॅपशॉटमधली जागा काढून हालचाल सलग दाखवतो. यालाच इंटरपोलेशन म्हणतात. शिवाय स्नॅपशॉट इकडे यायला आणि गोळीची बातमी तिकडे जायला वेळ लागतो; या जाण्या-येण्याच्या एकूण वेळेला पिंग म्हणतात. म्हणून गोळी आली की सर्व्हरने बाकीच्या खेळाडूंना त्या जुन्या क्षणाच्या जागेवर न्यायचं, तिथे नेम तपासायचा आणि लगेच परत आणून सोडायचं.

आम्ही घेतलेल्या तयार मॉड्यूलमध्ये हे रिवाइंड होतंच. त्यामुळे संशय साहजिकच नेटवर्कवर गेला, पण मोजमापाने वेगळंच सांगितलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये `sv_showimpacts` लावलं की क्लायंटच्या आणि सर्व्हरच्या मते गोळी कुठे लागली ते दोन रंगांत दिसतं. तसंच आम्ही हिटबॉक्सचं, म्हणजे गोळी लागली का हे ज्यावर तपासतात त्या खेळाडूभोवतीच्या अदृश्य डब्याचं केलं. नेमबाजाने पाहिलेला हिटबॉक्स लाल, सर्व्हरने मागे नेलेला निळा. पळणाऱ्याचा निळा डबा लालच्या अर्धा मीटर पुढे होता. लातूरच्या 30 मिलिसेकंद पिंगवर अर्धा मीटर, आणि हिंगोलीच्या 80 वरही अर्धा मीटर! दोष पिंगचा असता तर पिंगबरोबर अंतर वाढलं असतं. मग त्याच माणसाला निम्म्या वेगाने चालवलं, तर अंतर पाव मीटरवर आलं. म्हणजे चूक अंतराची नव्हती. कुठेतरी एक ठरावीक वेळ गळत होती.

आमचा खेळाडू सेकंदाला 5 मीटर पळतो. अर्धा मीटर म्हणजे बरोबर 100 मिलिसेकंद. मॉड्यूल फक्त पिंगएवढं मागे जात होतं, इंटरपोलेशन धरतच नव्हतं. हिंगोलीच्या 80 पिंगला 180 मिलिसेकंद मागे जायला हवं, म्हणजे 90 सेंटिमीटर. ते जात होतं 40 सेंटिमीटर. हिटबॉक्स मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम 25 सेंटिमीटर, त्यामुळे मधोमध मारलेली गोळी हुकणारच. उभ्या असलेल्यावर किंवा सरळ अंगावर धावत येणाऱ्यावर मात्र गोळ्या लागायच्या. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पिंगमध्ये नुसते 100 मिळवून भागलं असतं, पण मोबाइलचं पिंग क्षणाक्षणाला हलतं आणि सर्व्हरकडे त्याची सरासरीच असते. म्हणून आता प्रत्येक गोळीसोबत क्लायंट स्वतःच सांगतो की त्या वेळी शत्रू सर्व्हरच्या घड्याळातल्या कोणत्या क्षणाचे दिसत होते. सर्व्हर साठवलेल्या नोंदींतून त्या क्षणाच्या आधीची आणि नंतरची नोंद उचलतो आणि मधली जागा काढतो. नोंदीत नुसती जागा पुरत नाही; वाकलेला की उभा, हेही लागतं, नाहीतर डोक्याच्या गोळ्या चुकतात. आणि दोन नोंदींच्या मध्ये खेळाडू मरून दुसरीकडे जन्मला असेल, तर मधली जागा काढायची नाही. नाहीतर कुणीच नसलेल्या मोकळ्या मैदानात हिट पडते.

क्लायंटने सांगितलेल्या वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर लबाडीला वाव मिळतो, म्हणून मर्यादा लावली:

```
t = clamp(cmd.viewTime, now - 0.25, now)
```

ही मर्यादा किती ठेवायची यावर आमची खूप चर्चा झाली. व्हॉल्वच्या सोर्स या गेम इंजिनमध्ये हीच मर्यादा, `sv_maxunlag`, मूळची 1 सेकंद असते. मला ती फार वाटते, कारण रिवाइंडची किंमत मार खाणारा मोजतो. नेम दुरुस्त झाल्यावर परभणीचा मित्र ओरडला, "मी भिंतीच्या आड गेल्तो की!" त्याचं म्हणणं खरं होतं. त्याचं पिंग 60, मारणाऱ्याचं 80, वर इंटरपोलेशनचे 100. त्याच्या स्क्रीनवर तो भिंतीआड गेला, त्यानंतर 240 मिलिसेकंदांनी मरणाची बातमी पोहोचू शकते, आणि तेवढ्यात तो 1.2 मीटर आत गेलेला असतो. हे पूर्ण घालवता येत नाही. नेमबाजाने जे पाहिलं ते खरं मानायचं ठरवलं की भिंतीआडचा मार थोडा येतोच.

आम्ही 250 मिलिसेकंदांवर थांबलो. 150 पिंगपर्यंत जिथे दिसेल तिथे मारायचं. त्यापुढच्याने वरच्या फरकाएवढा नेम पुढे धरायचा: 200 पिंगवाल्याने पळणाऱ्याच्या 25 सेंटिमीटर पुढे.