मारुतीच्या कुठपर्यंत?

रविवारी रात्री पावणेबाराला मोबाइल वाजला. नंबर अनोळखी, डीपीला बेल वाहिलेली पिंड. मेसेज इंग्रजीत होता: "गुड इव्हनिंग मॅम. आय वॉज सफरिंग फ्रॉम फिव्हर, सो कुड नॉट कम्प्लीट असाइनमेंट. काइंडली रिक्वेस्ट यू टू प्लीज गिव्ह मी सम टाइम. थँक यू मॅम. सॉरी मॅम." आणि त्यापुढे जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या.

मी बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकवते. दोन तुकड्या, मिळून १३७ पोरं. त्यांतल्या कुणाला ताप आला, हे पिंडीवरून ओळखायचं कसं? सोमवारी असाइनमेंटची शेवटची तारीख होती, म्हणजे वेळ हवा होता हे उघड होतं. बाकी सगळं अंधारात. मी लिहिलं, "आपण कोण?" पलीकडे बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "मॅम, युवर स्टुडंट."

हसू आलं, पण नंतर वाटलं की या पोरांना हे कुणी शिकवलेलंच नाही. आम्ही शाळेत अर्जलेखन शिकलो. फुलस्केपवर डाव्या बाजूला समास आखायचा, वर दिनांक, मग 'प्रति', मग 'विषय: रजा मिळण्याबाबत', आणि 'वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की'. भाषा एवढी अवघडलेली की ताप पुन्हा चढावा. पण त्या साच्यात एक सोय होती. इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, या जागा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नसे. साचा गेला तो बरा गेला, पण त्याच्याबरोबर तारखाही गेल्या. उरली ती फक्त नम्रता, तीही 'काइंडली' आणि 'प्लीज' अशी दोनदोनदा.

आमच्या नाशकात गोदावरीचा पूर मोजायची एक पद्धत आहे, ती घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत किती क्युसेक ते येतं, पण घरात ते कुणाला कळत नाही. घरात विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत म्हटलं की चहा प्यायला मोकळे. कमरेपर्यंत म्हटलं की घाटावरची दुकानं आवरायला घेतली असतील, हे समजतं. छातीपर्यंत म्हटलं की पोरं पूर बघायला निघतात आणि आया दार अडवून उभ्या राहतात. 'खूप पाणी आहे' या वाक्याला गावात काडीची किंमत नाही. मग 'खूप ताप होता' या वाक्याला मी किती द्यावी?

तर मी एकेक विचारत गेले, आणि तीही एकेक सांगत गेली. मीच मराठीत विचारायला लागले तशी तीही मराठीत आली आणि एकदम माणसात आली. निफाडकडची मुलगी, रोज एसटीने येणारी. बी तुकडी, रोल नंबर ५४. मग चेहरा आठवला. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते, पेन्सिलीने खाती आखते.

"कधीपासून ताप?"

"९ तारखेपासून मॅडम. डेंग्यू निघाला."

"उतरला कधी?"

"१३ ला."

इथे एखादा कडक सहकारी असता तर त्याने वही मिटली असती. ताप १३ ला उतरला, आज २१, मग मधले आठ दिवस काय केलंस? मीही गेल्या वर्षीपर्यंत असंच विचारलं असतं. गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरात डेंग्यू झाला, तेव्हा कळलं की या दुखण्यात ताप उतरतो तेव्हाच डॉक्टर जास्त सावध होतात. पुढचे एक-दोन दिवस धोक्याचे. माणसाला वाटतं आता बरं झालं, आणि इकडे प्लेटलेट्स घसरत असतात. ते दिवस पार पडल्यावरही अशक्तपणा पंधरा-पंधरा दिवस रेंगाळतो. वरणभाताचं ताट संपवेपर्यंत दम लागतो, तिथे पानभर आकडे मांडणं दूरच.

तिने न मागता रिपोर्टांचे फोटो पाठवले. ११ ला प्लेटलेट्स १,४०,०००. १३ ला, म्हणजे ताप उतरला त्याच दिवशी, ७२,०००. १४ ला ५८,०००. मग १६ ला ९६,००० आणि घरी. कागदांना घड्या पडलेल्या, एकावर चहाचा डाग. खऱ्या दुखण्याचे कागद असेच असतात, कारण ते सगळ्या घराच्या हातांतून फिरलेले असतात. उलट एखादं मेडिकल सर्टिफिकेट कोरं करकरीत येतं. त्यात 'व्हायरल फिव्हर' एवढंच असतं, तारखा नेमक्या गैरहजेरीच्या, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही, आणि डॉक्टरांची सही मात्र सगळं झाल्यानंतरची. दुखणं काही कॉलेजचं वेळापत्रक बघून सुरू होत नाही. तरी मी तिला लिहिलं, बाई, तारीख दिसणारा एक कागद पुरे, बाकीचे तुझ्याजवळ ठेव. पोरीच्या रक्तात काय आहे आणि काय नाही, हे माझ्या मोबाइलमध्ये कशाला?

आता मुख्य प्रश्न. "किती दिवस हवेत?"

"थोडे दिवस मॅडम. तुम्ही द्याल तेवढे."

हे 'तुम्ही द्याल तेवढे' नम्र वाटतं, पण त्यात हिशेबाचं सगळं ओझं माझ्या गळ्यात पडतं. दोन दिवस दिले आणि तिला पाच लागणार असतील, तर ती पुन्हा रात्री पावणेबाराला येणार. दहा दिले तर उद्या सकाळी स्टाफरूमबाहेर 'मॅडम, मलाही बरं नव्हतं'वाल्यांची रांग. शिवाय माझ्याकडेही अमर्याद वेळ नसतो. अंतर्गत गुण भरून द्यायची तारीख वरून येते आणि ती कुणाच्या तापासाठी हलत नाही. म्हणून मी पोरांना सांगते ती तारीख आणि मला लागते ती तारीख, यांत आठवडाभराचं अंतर राखते. पोरांना ते सांगत नाही. (इथे सांगितलं, म्हणजे पुढच्या वर्षी गोची आहे.) पावसाळ्यात शंभरात पाचसात जण आजारी पडणारच, हे मी धरूनच चालते. आमच्या विषयात याला नॉर्मल लॉस म्हणतात.

मी विचारलं, "झालंय किती आणि अडलंय कुठे?" तेव्हा कुठे खरी माहिती आली. माझी आठ लेक्चर्स बुडालेली. मैत्रिणीच्या वहीचे फोटो मागवून पाच गणितांपैकी तीन झालेली. नॉर्मल लॉसपर्यंत समजलं, अ‍ॅबनॉर्मल लॉस आला आणि गाडी थांबली. म्हणजे नुसता वेळ देऊन भागणार नव्हतं. दोन गणितं वेळेअभावी राहिली नव्हती, ती माझ्या बुडालेल्या लेक्चरमध्ये अडकली होती. मी महिनाभर दिला असता तरी ती त्याच ओळीवर बसून राहिली असती.

मग तिला म्हटलं, आता हे सगळं एका मेसेजमध्ये नीट लिहून पाठव, मला उद्या लक्षात राहणार नाही. पाच मिनिटांनी आलं ते असं:

"मॅडम, मी बी तुकडी, रोल नं. ५४. ९ ते १३ डेंग्यूचा ताप, ११ ते १६ अ‍ॅडमिट. अजून अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी मंगळवारपासून कॉलेजला जा सांगितलंय. प्रोसेस कॉस्टिंगची असाइनमेंट सोमवारी द्यायची आहे. १ ते ३ गणितं झाली. ४ आणि ५ मध्ये अ‍ॅबनॉर्मल लॉस कळला नाही. मंगळवारी दहा मिनिटं विचारायला येऊ का? गुरुवारपर्यंत देते. आणि माझी हजेरी पण लावाल का?"

शेवटचं वाक्य सोडलं तर मी अशा मेसेजला नाही म्हणूच शकत नाही. त्या शेवटच्या वाक्याचं तिला वेगळं सांगितलं. असाइनमेंटची तारीख माझ्या हातातली, पण ७५ टक्के हजेरीचा हिशेब माझ्या हातात नाही. त्यासाठी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून ऑफिसात अर्ज द्यायचा. तिथे मात्र अजूनही 'सविनय अर्ज' चालतो, आणि तोही सेमिस्टर संपायची वाट न बघता आत्ताच द्यायचा. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर कागद घेऊन धावणाऱ्यांकडे ऑफिसातले लोक कसे बघतात, ते मला ठाऊक आहे.

मंगळवारी ती आली. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली, दोन जिने चढून आल्यावर दाराशीच थांबून श्वास घेतला. बसवलं, पाणी दिलं, पाठकोरा कागद ओढला. "बघ, हे चौथं गणित. प्रोसेसमध्ये १,००० किलो माल टाकला, सगळा खर्च १९,००० रुपये. ५ टक्के नॉर्मल लॉस, म्हणजे ५० किलो जाणारच होते, आणि त्यांचे विकून काही येत नाही असं धर. मग किती हाती यायला हवे होते?"

"९५०."

"म्हणून किलोमागे खर्च १९,००० भागिले ९५०, म्हणजे २० रुपये. जे जाणारच होते त्यांचा भार चांगल्या मालाने उचलला. पण प्रत्यक्षात हाती आले ९२०. हे जास्तीचे ३० किलो गेले, तो अ‍ॅबनॉर्मल लॉस. तोही २० च्याच भावाने, ६०० रुपये, आणि तो उचलून कॉस्टिंग नफातोटा खात्यात. चांगल्या मालावर तो लादायचा नाही."

तिने वहीचं पान उलटलं, मैत्रिणीच्या वहीवरून उतरवलेलं. तिथे १९,००० ला ९२० ने भागलं होतं. २० रुपये ६५ पैसे. दरवर्षीची चूक. हाती आला तोच आकडा खरा वाटतो, आणि मग अपघाताने गेलेल्या मालाचं पापही चांगल्या मालाच्या माथी बसतं.

ती थोडा वेळ दोन्ही पानांकडे आलटून पालटून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे तिचंपण चुकलंय?"

"हो."

"पण तिने कालच सबमिट केलंय. ती आठही लेक्चर्सना होती."

मी गठ्ठ्यातून त्या मैत्रिणीची असाइनमेंट काढली. चौथं गणित, २० रुपये ६५ पैसे, खाली स्वच्छ दोन रेघा मारून. मग राहवेना म्हणून आणखी चार-पाच काढल्या. त्यांतल्या तीन तशाच. एवढी पोरं एकदम चुकतात तेव्हा फळ्याशी उभ्या असलेल्या बाईचंही काहीतरी चुकलेलं असतं, पण ते तिच्यासमोर कशाला बोला.

"मॅडम," ती उठता उठता म्हणाली, "बी तुकडी, रोल नंबर ५१. चौथं आणि पाचवं गणित परत करायचंय. तिलाही गुरुवारपर्यंत मिळेल का?"