आधी मेसेज कोणी करायचा? मी!

मैत्रिणीनं कोणाशी आपलं जमवून द्यायचं मनावर घेतलं की सोपं काम ती स्वतःकडे ठेवते. दोघांच्या कानांवर एकमेकांचं थोडंथोडं कौतुक घालायचं, ‘बोलून तर बघा’ म्हणायचं आणि नंबर पाठवून मोकळं व्हायचं. जाता जाता आणखी एक वाक्य टाकायचं : ‘तूच कर गं आधी, तो जरा भिडस्त आहे.’ झालं. आता तो नंबर माझ्या फोनमध्ये आणि मी मोबाइल हातात धरून सोफ्यावर.

वधूवर मंडळाच्या मार्गानं गेलेल्यांना हा त्रास नसतो. तिथे पहिलं वाक्य शंभर वर्षं घासून गुळगुळीत झालेलं असतं आणि ते बोलायला काका असतात. ‘नमस्कार, मंडळाकडून आपल्या मुलाचं स्थळ समजलं,’ एवढं म्हटलं की समोरच्यालाही आपलं वाक्य पाठ असतं. मैत्रिणीच्या ओळखीत तसलं तयार काही नाही. शिवाय काकाही नाहीत, आणि ते बरंच आहे.

पहिला विचार येतो तो नुसतं ‘हाय’ टाकण्याचा. पण त्याच्या बाजूनं बघा. त्याला दिसणार एक अनोळखी नंबर, आणि मेसेज उघडला की खाली ‘ब्लॉक’चं बटण तयारच. घरबसल्या रोज हजारो रुपये कमवा म्हणणाऱ्या भामट्यांची सुरुवातही ‘हाय’नंच होते. त्यामुळे पहिल्याच ओळीत मैत्रिणीचं नाव आलं पाहिजे, तेही सूचनेच्या पट्टीत न उघडता वाचता येईल इतकं पुढे. या घडीला त्याच्या लेखी माझी पत त्या नावाएवढीच. म्हणून मैत्रिणीला आधी विचारून घ्यावं, ‘त्याला माझं नाव सांगितलंयस ना? कधी?’ महिन्यापूर्वी उडत उडत सांगितलं असेल तर आज पुन्हा आठवण करून दे म्हणावं, आणि मग एक-दोन दिवसांत मेसेज करावा.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. आपला फोटो ‘फक्त माझ्या संपर्कातल्यांना’ दिसेल अशी सोय करून ठेवली असेल, तर संपर्कातले म्हणजे आपण ज्यांचे नंबर साठवलेत ते. त्याचा नंबर साठवून न घेता मेसेज केला, तर त्याला फोटोच्या जागी राखाडी बाहुली दिसते. मैत्रिणीचं नाव आणि वर राखाडी बाहुली म्हटल्यावर कोणालाही वाटेल की मैत्रिणीच्या नावानं कुणी टोपी घालतंय. तेव्हा आधी नंबर साठवावा. आणि फोटोत भाची असेल तर ती तेवढ्यापुरती बदलावी.

आता मजकूर. मैत्रिणीनं त्याच्याबद्दल मला पुष्कळ सांगितलं होतं. मागच्या वर्षी त्याचं ठरलेलं मोडलं. आई तिखट आहे. गडकिल्ले फिरतो. आणि जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करत बसतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला माहीतच नाहीत, असं वागायचं. त्या त्यानं सांगायच्या, कधी सांगाव्याशा वाटल्या तर. गडकिल्ले पुण्यातलं प्रत्येक स्थळ फिरतंच, त्यात काय विचारणार? उरली घड्याळं. ती मात्र नेमकी कामाची, कारण आमच्या दिवाणखान्यात आजोबांचं लोलकाचं घड्याळ आहे आणि ते रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं. खोटी आवड दाखवायची गरजच उरली नाही.

प्रश्न असा हवा की त्याला चालता चालता उत्तर देता आलं पाहिजे. ‘तुमच्याबद्दल सांगा ना’ हा प्रश्न दिसतो साधा, पण तो समोरच्याला निबंध लिहायला बसवतो. ‘काय करता? कुठे राहता?’ ही तर मुलाखतच, आणि उत्तरं मैत्रिणीनं आधीच दिलेली असल्यामुळे खोटी मुलाखत. मागे पडणाऱ्या घड्याळाचं तसं नाही. त्यातलं कळत असेल त्याला राहवतच नाही.

मग खरी अडचण आली, ती ‘तू’ की ‘तुम्ही’ची. वयानं आम्ही बरोबरीचे. ‘तू’ म्हणावं तर पहिल्याच ओळीत खांद्यावर हात ठेवल्यासारखं, आणि ‘तुम्ही’ म्हणावं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला गळतीबद्दल लिहिल्यासारखं. इंग्रजीत लिहिलं की हा पेच सुटतो, म्हणून पुष्कळ जणी तिकडे पळतात. पण पुढे मराठीत बोलताना तो दारात उभा असतोच. त्यापेक्षा आपल्या भाषेतच पळवाटा भरपूर आहेत. ‘करता येतं का’, ‘जमेल तेव्हा’, ‘असं कळलं’. अशा वाक्यांत समोरच्याला ना तू लागतं ना तुम्ही. सासरी नवऱ्याचं नाव न घेता आयुष्य काढणाऱ्या आपल्या आज्या या कलेत पारंगत होत्या.

मी खरडलेला पहिला मसुदा पाच परिच्छेदांचा होता. तो स्वतःलाच पाठवून वाचला, कारण त्याच्या खिडकीत टाइप करताना बोट निसटलं तर मेसेज पुसता येतो, पण ‘पुसला’ अशी खूण मागे राहते आणि ती मूळ मेसेजपेक्षा जास्त उत्सुकता वाढवते. छाटत छाटत उरलं ते असं : ‘नमस्कार, मी’, मग माझं नाव आणि मैत्रिणीचं नाव घालून ‘हिची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिच्याकडून घड्याळदुरुस्तीबद्दल कळलं. आमच्याकडचं लोलकाचं घड्याळ रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं. घरच्या घरी काही करता येतं, की दुकानच गाठावं? घाई नाही, सवड होईल तेव्हा.’

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. त्यात नकाराला जागा आहे. मध्ये एक मैत्रीण असताना माणूस भिडेखातर उत्तर देतो, आणि भिडेखातर आलेली उत्तरं पुढे आठवडाभर ‘हो ना’, ‘खरंय’ करत मरतात. ‘फोनवर बोलू या का?’ असं पहिल्याच मेसेजात विचारू नये तेही यासाठीच.

रात्री साडेआठला पाठवला. अकरानंतर तोच मजकूर वेगळा वाचला जातो. स्क्रीनशॉट मैत्रिणीला आधी दाखवला नाही. दाखवला असता तर तिनं त्यात दोन हसरे चेहरे घातले असते.

उत्तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आलं : ‘लोलकाच्या खाली छोटा नट असतो. तो उजवीकडे एक फेरा फिरवून बघा. लोलक वर सरकला की घड्याळ जलद होतं. एका दिवसानं किती फरक पडला ते सांगाल?’ म्हणजे त्यानं ‘बघा’ लिहून तुम्हीचा निकाल लावला, आणि वर उद्या पुन्हा मेसेज करायला मला अधिकृत कारणही देऊन ठेवलं.

उत्तर आलंच नसतं तर मी चार-पाच दिवस थांबले असते. मग त्याला नाही, मैत्रिणीला विचारलं असतं, आणि तेही ‘का नाही म्हणाला’ असं नाही. फक्त ‘नंबर बरोबर आहे ना?’ एवढंच. त्यावर ती ‘हो, बरोबर आहे’ म्हणून विषय बदलती, तर घड्याळ मी दुकानात नेलं असतं.