जामीनकी सोडवताना अडलेला एक शिक्का

१२ जूनला भर पावसात छत्री सांभाळत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जामीनकी रद्द करण्याच्या पत्राच्या दोन प्रती घेऊन मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "काका, जामीनदाराचं असं पत्र आम्ही घेत नाही. कर्जदाराला घेऊन या." मी म्हटलं, निर्णय नका देऊ, फक्त दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का तिच्या हाताशीच पडला होता. तो शिक्का मिळाला नाही म्हणून माझ्यावरचा बोजा ४६,००० रुपयांनी वाढला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

वेंगुर्ले तालुक्यात माझ्या दोन पुतण्यांची काजू प्रक्रियेची फर्म आहे. तिच्या दोन कर्जांना मी जामीन होतो. एक ८ लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेत राहून लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, बिया खरेदीसाठी. दुसरं बॉयलर आणि कटिंग मशीनसाठी मुदत कर्ज, त्यातले १,१२,००० शिल्लक होते. थोरला हिशोबाला पक्का, मी सही केली ती त्याच्या भरवशावर. एप्रिलमध्ये तो भागीदारीतून बाहेर पडून कायमचा मुंबईला गेला आणि धाकट्याचा मेहुणा भागीदार झाला. मला कोणी विचारलं नाही. जूनमध्ये धाकट्याकडूनच कळलं.

बँकेत जाण्याआधी मी त्याला घरी बोलावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "काकानु, माझ्यार भरवसो नाय काय?" मला वाईट वाटलं. पण त्याच्याशी आधी बोललो हे बरं झालं, पुढे त्याच्या सहीवाचून माझं काम झालं नसतं.

सही केलेल्या हमीपत्राची प्रत आधी मिळवा. माझ्याकडे नव्हती, ती थोरल्याच्या फायलीत सापडली. भागीदार बदलले की पुढच्या व्यवहारांपुरती जामीनकी आपोआप संपते, असं १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३८ सांगतं. पण उलट करार नसेल तरच. माझ्या हमीपत्रात छापलेलंच होतं, 'फर्मच्या रचनेत बदल झाला तरी हमी चालू राहील.' म्हणजे तो दरवाजा बंद. उरलं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १३०. कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याची जामीनकी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन केव्हाही रद्द करता येते. माझ्या हमीपत्रातही लेखी नोटिशीची सोय होती. आधीचं देणं मात्र सुटत नाही आणि नोटीस सावकाराला पोहोचायला लागते. सगळं अडलं ते या पोहोचण्यावर.

पत्रातला मुख्य मजकूर एवढाच होता: 'दि. १२ जूनपासून सदर कॅश क्रेडिट खात्यावरील पुढील कोणत्याही उचलीस मी जामीनदार राहणार नाही. आजअखेरची येणे बाकी लेखी कळवावी.' पुतण्यांची भांडणं, माझी तब्येत, पेन्शन, यातलं काही लिहिलं नाही. पहिल्या मसुद्यात मी 'मला मुक्त करावे ही विनंती' असं लिहिलं होतं. ओळखीच्या वकिलांनी ते खोडलं. कॅश क्रेडिटबाबत ही विनंती नाही, नोटीस आहे. विनंती मुदत कर्जासाठी, ती वेगळ्या परिच्छेदात.

दुसऱ्या दिवशी शाखाधिकारी भेटले. माणूस सभ्य, चहा मागवला. पण तेही तेच म्हणाले, "कर्ज फिटेपर्यंत जामीन सुटत नाही, गुरुजी." मुदत कर्जाबाबत ते बरोबरच होते. ती रक्कम एकदाच देऊन झालेली असते, पुढचा व्यवहारच नाही, मग रद्द काय करणार? पण कॅश क्रेडिटलाही ते तोच नियम लावत होते. मी हमीपत्रावर बोट ठेवून कलम वाचून दाखवलं. "हेड ऑफिसला विचारतो," म्हणाले. पोच तेव्हाही नाही. मग शनिवार-रविवार गेला. सोमवारी गेलो तर ते मीटिंगला बाहेर.

शेवटी १६ तारखेला मी तेच पत्र शाखेला आणि मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवलं, पोहोचल्याचा पुरावा घेऊन. ते १९ ला पोहोचलं. मधल्या सात दिवसांत खात्यातून कामगारांच्या मजुरीसाठी आणि डिझेलसाठी ४६,००० उचलले गेले. १२ तारखेची बाकी ६,८४,०००, १९ ची ७,३०,०००. बँकेने लेखी कळवली ती १९ ची. तुम्ही माझ्यासारखं करू नका. पहिल्यांदा नकार मिळाला त्याच दिवशी पोस्ट गाठा आणि शाखेच्या अधिकृत ईमेलवरही पत्र पाठवा.

पत्र कधी द्यायचं हेही मला उशिरा सुचलं. काजूची खरेदी मार्च ते मे, म्हणून मेअखेर बाकी सगळ्यात जास्त असते. गर विकला जातो तशी ती गणपती-दिवाळीपर्यंत उतरते. फेब्रुवारीत नोटीस दिली असती तर बाकी दीड-दोन लाखांच्या आतच असती. पण पुढची खरेदी तोंडावर असेल तर थांबूही नये.

जुलैत बँकेने जुनं खातं गोठवलं आणि मेहुण्याला जामीन घेऊन नवं खातं उघडलं. मला हायसं वाटलं, पण वकिलांनी विचारलं, "विक्रीचे पैसे आता कुठल्या खात्यात भरणार?" ते नव्या खात्यात गेले असते तर माझे ७,३०,००० तसेच पडून राहिले असते, वर व्याज. पैसे कुठल्या देण्यात धरायचे हे भरताना सांगायचा हक्क कर्जदाराचा असतो, करार कायद्याचं कलम ५९. म्हणून धाकट्याने बँकेला पत्र दिलं की यंदाच्या मालाची विक्री आधी जुन्या खात्यात भरली जाईल. त्या पत्रावर मात्र दोन मिनिटांत शिक्का मिळाला.

मुदत कर्जासाठी मेहुण्याचाच बदली जामीन दिला. त्याचा सातबारा, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, मग बँकेच्या संचालक मंडळाचा ठराव. तो टप्पा सरळ गेला.

जुनं खातं दिवाळीनंतर फिटलं. नोव्हेंबरात मुक्ततेचं पत्र आलं, त्यात एकच खाते क्रमांक होता, कॅश क्रेडिटचा. मुदत कर्जाचा उल्लेखच नाही. मी परत गेलो. या वेळी काउंटरवरच्या त्याच मुलीने पत्र नीट वाचलं, आत जाऊन दुसरं टाईप करून आणलं, दोन्ही क्रमांकांसह. मूळ हमीपत्रावर 'रद्द' असा तिरका शेरा मारून त्याची झेरॉक्सही दिली. माझ्या सिबिल अहवालातून दोन्ही कर्जांची जामीनकी निघाली की नाही, ते आता महिन्याभराने बघणार आहे.