इंग्रजी वाक्यात जोर कुठे द्यायचा?

इकडे ऑफिसात आपल्या लोकांचं इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने सहसा नीटच असतं. तरी मीटिंगमध्ये समोरचा मधूनच 'सॉरी?' म्हणतो. उच्चार चुकला असेल असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा घोळ झालेला असतो तो जोराचा.

मराठीत एखादी गोष्ट ठासून सांगायला 'च' आहे, 'तर' आहे, शिवाय शब्द मागेपुढे करता येतात. 'सोमवारीच पाठवलं मी' एवढं म्हटलं की आवाज सपाट असला तरी कळतं. इंग्रजीत शब्दांच्या जागा बऱ्याचशा पक्क्या, त्यामुळे हे काम आवाजाला करावं लागतं. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. त्या शब्दातला मुख्य स्वर थोडा लांबवायचा, तिथेच सूर बदलायचा आणि बाकीचे शब्द पटकन उरकायचे.

एरवी हा जोर वाक्यातल्या शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर पडतो. 'आय सेंट द काँट्रॅक्ट ऑन मंडे' यात तो 'मंडे'वर. आता समजा, साहेबांनी विचारलं, 'डिड यू सेंड द इनव्हॉइस ऑन मंडे?' आणि तुम्ही पाठवलं होतं काँट्रॅक्ट. उत्तर शब्दशः तेच, 'नो, आय सेंट द काँट्रॅक्ट ऑन मंडे', पण जोर आता 'काँट्रॅक्ट'वर हवा, आणि 'ऑन मंडे' खालच्या सुरात विरून जायला हवं. सवयीने 'मंडे'च ठासून म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की वार दुरुस्त केला जातोय. पण वार तर त्याने विचारलेलाच! मग तो गोंधळतो आणि पुन्हा विचारतो. 'आय'वर जोर दिलात, तर इनव्हॉइस दुसऱ्या कुणीतरी पाठवलं असणार, असा अर्थ निघू शकतो.

नव्या शब्दावर जोर देणं तसं लवकर जमतं. आधी बोलून झालेल्या शब्दावरचा जोर काढून घेणं मात्र जड जातं, कारण प्रत्येक शब्द स्पष्ट म्हणायचा हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं.

या स्पष्टपणाचा सगळ्यात मोठा फटका 'कॅन'ला बसतो, विशेषतः अमेरिकन लोकांशी बोलताना. साध्या वाक्यात ते 'आय कन कम' असं 'कॅन' गिळून बोलतात. 'कान्ट'ला ते 'कॅन्ट' म्हणतात, त्यात स्वर पूर्ण उच्चारतात, पण शेवटचा 'ट' जेमतेम ऐकू येतो. म्हणून आपण 'आय कॅऽन कम' असं ठसठशीत म्हटलं, की त्यांना नकार ऐकू येऊ शकतो. मात्र 'तुला जमणार नाही ना?' असं कुणी म्हटलं आणि ते खोडून काढायचं असेल, तर 'कॅन'वर जोर बरोबर. एरवी शंका वाटली तर सरळ 'येस, आय विल बी देअर' म्हणावं.

फोन नंबर दुरुस्त करतानाही हेच. समोरच्याने 'नाइन फोर टू' लिहून घेतलं आणि हवं होतं 'नाइन फाइव्ह टू', तर तिन्ही आकडे सारख्याच जोराने पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. 'नाइन' भरकन म्हणा, 'फाइव्ह' लांबवा, 'टू' खाली सोडा. तो फक्त मधला आकडा खोडेल.