तुम्ही विचारलंत म्हणून: फीसाठी एफडी की आरडी?

"मुलीच्या शाळेची फी भरायला पैसे साठवायचे आहेत. एफडी करू की आरडी? व्याज कशात जास्त मिळतं?"

दर महिन्याच्या पगारातून बाजूला काढणार असाल तर आरडी. दिवाळीचा बोनस किंवा एखादी संपलेली पॉलिसी अशी रक्कम एकदम हातात आली असेल तर एफडी. पैसे कसे येतात यावरच हे ठरतं, कारण एकाच बँकेत सारख्या मुदतीला दोन्हींचा दर बहुतेक वेळा सारखाच असतो.

तरी आरडीचं व्याज कमी दिसतं आणि तिथेच गोंधळ होतो. समजा, जूनच्या पहिल्या हप्त्याची फी 36,000 रुपये आहे. 6.5 टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने 36,000ची वर्षाची एफडी केली तर सुमारे 2,400 रुपये व्याज मिळतं. त्याच दराने महिना 3,000ची आरडी वर्षभर भरली तर सुमारे 1,290. बँक इथे काही कापत नाही. आरडीचा पहिला हप्ता बारा महिने बँकेत राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरी काढली तर पैसे साडेसहा महिनेच राहिले, म्हणून व्याजही निम्म्याच्या आसपास. एफडीचे 2,400 मिळवायला 36,000 पहिल्याच दिवशी हातात हवे होते. ते असतील तर मात्र बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर ठेवून महिन्याला आरडीत सोडत बसू नका. सरळ एफडी करा.

व्याजापेक्षा मला तारखेची काळजी जास्त वाटते. फी 1 जूनपर्यंत भरायची आहे आणि शाळा सुरू झाली तशी तुम्ही 5 जूनला बारा महिन्यांची आरडी उघडलीत. बारावा हप्ता 5 मे रोजी जातो, पण आरडी पिकते 5 जूनला. पैसे सगळे भरून झालेले, आणि फीच्या दिवशी हातात नाहीत. मुदतीआधी मोडली तर दंड. म्हणून आरडी आदल्या वर्षी 5 मे रोजीच उघडा. उशीर झाला असेल तर अकरा महिन्यांची मिळते का विचारा. काही बँका तीनच्या पटीतलीच मुदत देतात. हप्त्याची तारीख पगारानंतर चार दिवसांनी ठेवा आणि त्या दिवशी खात्यात घरकर्जाचा हप्ता कापल्यावरही 3,000 उरतात ना, हे बघा. हप्ता चुकला की दंड लागतो, आणि काही बँकांत मुदतपूर्तीची तारीखही पुढे सरकते.

दुसरी गोष्ट, आरडीचा हप्ता मध्येच वाढवता येत नाही, फी मात्र वाढते. म्हणून यंदाच्या फीला बाराने भागून हप्ता ठरवू नका. 3,000 ऐवजी 3,200 ठेवलेत तर वर्षाअखेर सुमारे 39,770 हाती येतात. फी दहा टक्के वाढून 39,600 झाली तरी भागतं. फीच्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या हप्त्यासाठी वेगळी आरडी ऑक्टोबरात सुरू करा. एकाच मोठ्या आरडीत दोन्ही हप्ते कोंबले की उरलेली रक्कम बचत खात्यात येते आणि नोव्हेंबरपर्यंत खर्चून जाते.

पोस्टाची आरडी यासाठी घेऊ नका. ती पाच वर्षांची असते; तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. पाचवीनंतर शाळा बदलायची असेल आणि त्यावेळच्या मोठ्या प्रवेश फीसाठी आतापासून साठवत असाल तर ती चांगली.

एफडी करताना पावतीवरची एक ओळ वाचाच: मुदतपूर्तीची सूचना. तिथे 'मुद्दल व व्याजासह नूतनीकरण' असेल तर मे महिन्यात पैसे खात्यात येणारच नाहीत, गुपचूप पुढच्या वर्षासाठी अडकतील. नव्या एफडीला सात दिवस व्हायच्या आत मोडली तर त्या दिवसांचं व्याज मिळत नाही, नंतर मोडली तर दंड. 'रक्कम बचत खात्यात जमा' असं लिहून घ्या.

एफडी मोडण्याचा हिशेबही आधीच विचारून ठेवा. वर्षाची एफडी सहा महिन्यांत मोडली तर 6.5 टक्के मिळत नाहीत. बँक सहा महिन्यांचा दर लावते, समजा 5.75, आणि त्यातून दंडाचा अर्धा टक्का वजा करते. हाती 5.25 टक्के. यावर साधा उपाय आहे: 36,000ची एक पावती करण्याऐवजी 18,000च्या दोन करा. मध्येच घरात दुखणंखुपणं निघालं तर एकच मोडावी लागेल, दुसरी फीच्या तारखेपर्यंत पूर्ण व्याजावर राहील.