साडेचार की सव्वाअकरा?

"ताई, आमच्या ब्रँडची किंमत एका व्हॅल्युअरने साडेचार कोटी काढली, दुसऱ्याने सव्वाअकरा. दोघांनी बघितली ती आमचीच पुस्तकं. मग खरं कोण?"

हा प्रश्न मला दोन भावांनी विचारला होता. ब्रँडची किंमत कशी काढतात असं तुम्ही विचारलंत, म्हणून ते प्रकरण सविस्तर सांगते. नावं-गावं सांगणार नाही आणि आकडे सोपे करून घेतलेत, पण गणित तेच आहे.

दोन भाऊ, वडिलांनी सुरू केलेला मसाल्यांचा धंदा, आणि वाटण्या व्हायच्या होत्या. ठरलं असं की नाव थोरल्याकडे राहील आणि धाकटा हॉटेलांना पोत्याने माल देण्याचा व्यवसाय घेईल. म्हणजे नावातला निम्मा वाटा थोरल्याने पैशात द्यायचा. साहजिकच थोरल्याने आणलेला रिपोर्ट साडेचार कोटींचा आणि धाकट्याने आणलेला सव्वाअकरा कोटींचा. दोन्ही रिपोर्ट प्रामाणिक होते, बेरीज-वजाबाकीत कुठे चूक नव्हती.

थोरल्याचा रिपोर्ट रॉयल्टीच्या पद्धतीचा होता. हे नाव आपलं नसतं, दुसऱ्याकडून भाड्याने घेतलं असतं, तर वर्षाला किती रॉयल्टी द्यावी लागली असती? ती द्यावी लागत नाही, म्हणजे जेवढी वाचते तेवढी नावाची कमाई. पाकिटातली विक्री 30 कोटी (पोत्यांतल्या मालावर नाव छापलेलं नसतं, म्हणून तो धरायचा नाही). त्यावर 2 टक्के रॉयल्टी म्हणजे 60 लाख, 25 टक्के कर वजा जाता 45 लाख. हे दरसाल मिळत राहणार आणि 5 टक्क्यांनी वाढणार असं धरलं. पण पुढच्या वर्षांचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, शिवाय धंद्यात जोखीम असते, म्हणून 15 टक्के डिस्काउंट रेट. पंधरातून वाढीचे पाच गेले, राहिले दहा. 45 लाख भागिले 10 टक्के, साडेचार कोटी.

आता त्यातला एकच आकडा हलवा. रॉयल्टी दोनऐवजी तीन टक्के करा, किंमत पावणेसात कोटी होते. चार केलीत तर नऊ. सगळा रिपोर्ट त्या एका टक्क्यावर उभा असतो, आणि तो टक्का येतो कुठून? दुसऱ्या कंपन्यांच्या परवाना करारांतून. मसाल्याचे असे करार आपल्याकडे फारसे उघड होत नाहीत. मग लोक हाताला लागेल तो दर उचलतात. टाटा हे नाव वापरणाऱ्या कंपन्या टाटा सन्सला उलाढालीच्या पाव टक्क्याच्या आसपास देत आल्या आहेत, तो दाखलाही मला कुणीकुणी देतं. पण ती एका समूहातली आपसांतली व्यवस्था आहे. परक्या माणसाने तेच नाव मागितलं असतं तर दर हाच राहिला असता, असं त्यावरून म्हणता येत नाही.

धाकट्याचा रिपोर्ट दुसऱ्या टोकाकडून आला होता: नावामुळे भाव किती जास्त मिळतो? ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात गिऱ्हाईक दिसतं. त्याच गिरणीतली मिरची पूड हॉटेलला 310 रुपये किलोने जायची आणि पाकिटातून कंपनीच्या हातात किलोमागे 360 पडायचे. पन्नास रुपयांचा फरक. पण पन्नास सगळे नावाचे नाहीत. पाकिटात बेडगी मिरचीचं प्रमाण जास्त, त्याचे 18 गेले. पॅकिंग आणि जाहिरातीचे 14 गेले. उरले 18 रुपये, म्हणजे विक्रीच्या 5 टक्के. 30 कोटींवर दीड कोटी, कर जाता एक कोटी साडेबारा लाख, भागिले तेच 10 टक्के. सव्वाअकरा कोटी.

रिपोर्ट वाचून मला काही सुधरेना, म्हणून मी विक्रीचं रजिस्टर जिल्ह्याजिल्ह्याने लावून बसले. तिथे उत्तर सापडलं. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात माल पूर्ण भावाने जात होता. विदर्भात मात्र डीलरला बारा पाकिटांवर दोन फुकट, शिवाय उधारी साठ दिवसांची. तिथे लोक नाव मागत नव्हते. दुकानदार स्कीम बघून माल पुढे करत होता. पूर्ण भावाची विक्री भरली 18 कोटी. बाकी 12 कोटींवर नावाची जादा कमाई जवळजवळ शून्य.

आता 5 टक्के फक्त 18 कोटींवर लावा. नव्वद लाख, कर जाता साडेसदुसष्ट लाख, किंमत पावणेसात कोटी. आणि 18 कोटींवरचे नव्वद लाख म्हणजेच 30 कोटींवरचे 3 टक्के. म्हणजे थोरल्याच्या व्हॅल्युअरने घेतलेली रॉयल्टी कमी होती आणि धाकट्याच्याने धरलेली विक्री जास्त. दोन पद्धती भांडत नव्हत्या, आतली गृहीतकं भांडत होती. एका भागातल्या दहा-बारा दुकानांत जाऊन स्कीम बंद केली तर काय होईल असं विचारलं असतं, तरी अर्धा वाद मिटला असता.

(तिसरी पद्धत खर्चाची: नाव उभं करायला आजवर किती घातले. ती मी बाजूला ठेवली. घातलेले पैसे आणि मिळणारे पैसे यांचा संबंध असेलच असं नाही.)

मोठ्या नावांचंही असंच होतं. 2023 साली अ‍ॅपल या एका नावाची किंमत ब्रँडच्या किमती काढणाऱ्या तीन संस्थांपैकी ब्रँड फायनान्सने 300 अब्ज डॉलरच्या जवळ धरली, इंटरब्रँडने 500 च्या आसपास, आणि कँटारने 880 च्या. पहिल्याची सुरुवात रॉयल्टीपासून होते. दुसरे भांडवलाचा मोबदला वजा करून उरणाऱ्या नफ्यातला नावाचा वाटा काढतात. तिसरे धंद्याचं पूर्ण मोल घेऊन, ग्राहकांच्या सर्वेक्षणावरून नावाचा हिस्सा ठरवतात. नावाच्या ताटात काय काय वाढायचं हेच तिघांचं वेगळं आहे.

दोन्ही भावांना मी एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती किंगफिशर एअरलाइन्सची. त्या नावाचं मूल्यांकन एके काळी 4,000 कोटींच्या वर होतं आणि बँकांनी ते तारण म्हणून घेतलं होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये विमानं थांबली. एप्रिल 2016 मध्ये ते ट्रेडमार्क लिलावात निघाले, राखीव किंमत 366.70 कोटी, आणि एकही बोली आली नाही. रॉयल्टी विक्रीवर मिळते, आणि विक्री शून्य. शिवाय बिअरवरचं नाव दुसऱ्याच कंपनीकडे होतं, त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती फक्त थांबलेल्या विमानांची ओळख आली असती. चालत्या धंद्याच्या हिशेबाने काढलेली किंमत बंद पडलेल्या धंद्याला लावता येत नाही, म्हणून माझ्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मी लिहिते: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला.

शेवटी मी भावांना एक आकडा दिलाच नाही, पट्टा दिला. डिस्काउंट रेट 15 वरून 18 केला की पावणेसातचे 5.2 कोटी होतात, आणि विदर्भातली घसरण पाहता 18 अगदीच चुकीचा म्हणवत नव्हता. तर 5.2 ते 6.75. धाकट्याचा वाटा त्याच्या निम्मा. थोरल्याने 2 कोटी रोख दिले आणि पुढची पाच वर्षं पाकिटातल्या विक्रीवर 1 टक्का द्यायचं कबूल केलं. आजच्या किमतीत ते आणखी साधारण 1.1 कोटी होतात. नाव चाललं तर धाकट्याला जास्त, नाही चाललं तर कमी. विक्रीचे आकडे कोणत्या तारखेला, कोणत्या जीएसटी रिटर्नवरून घ्यायचे, हे करारात लिहायला आम्हाला अख्खी एक दुपार लागली.