तीस सेकंदांत मी कोण

आज नेटवर्किंगच्या कार्यक्रमात पहिल्या गटात मी नेहमीचीच टेप वाजवली. सिनियर मॅनेजर, सप्लाय चेन, त्याआधी अमुक, त्याआधी तमुक. समोरचे "अच्छा, छान" म्हणाले आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

मग कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर वेळ लावली. सावकाश बोललं तर 30 सेकंदांत साठेक शब्दच बसतात! माझी पदंच त्यातले निम्मे खात होती. ती सगळी काढली, एकच प्रसंग ठेवला.

"औषधांच्या गोदामात काही खोकी मागच्या रांगेत पडून मुदतबाह्य होतात, आणि तिकडे दुकानदार तेच औषध मागत असतो. अशी खोकी वेळेत हुडकणं हे माझं काम. मागच्या महिन्यात 40 दिवस उरलेली 200 खोकी सापडली, 3 दिवसांत गेली. सध्या थंड साठवणुकीतली जाणकार माणसं शोधतोय."

नाव मुद्दाम शेवटी सांगितलं. हस्तांदोलनाच्या गडबडीत सुरुवातीचं नाव कुणाच्या कानात शिरतच नाही.

पुढच्या गटात एका बाईंनी लगेच विचारलं, "पण मागच्या रांगेतच का राहतात?" नवा माल पुढे लावतात म्हणून, दुसरं काय! दहा मिनिटं बोललो. आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांवर मात्र हे चाललं नाही, त्यांना गोष्ट नको होती, थेट गोदामं किती ते हवं होतं.

निघताना त्या बाईंनी कुणाला तरी माझी ओळख करून दिली, "हे मागच्या रांगेवाले." पद काय, ते त्यांनी विचारलंच नव्हतं.